शब्दचर्चा: 'डायगोनल आर्ग्युमेंट'ला मराठीत काय म्हणायचं?

खडूफळा
अकरावी-बारावीच्या पोरांसमोर गणितज्ञ कँटरच्या डायगोनल आर्ग्युमेंटवर पाऊण तास बोलायचंय, तेही पूर्ण मराठीत, आणि शीर्षकालाच अडलोय. 'विकर्ण युक्तिवाद' म्हणावं तर आपल्या शाळेच्या पुस्तकात चौकोनालाही कर्णच असतो, विकर्ण कोणी म्हणत नाही. 'कर्ण युक्तिवाद' म्हणावं तर पोरं काटकोन त्रिकोण शोधत बसतील. दुसरी अडचण म्हणजे ज्या संचाची यादीच करता येत नाही त्याला अगणित म्हणायचं, असंख्य म्हणायचं, की अगणनीय? सुचवा.

पारावरचा
विकर्ण म्हटलं की मला भर सभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणारा कौरवच आठवतो. शंभरात एकच वेगळा निघाला, तेव्हा नाव अगदीच चुकीचं नाही 😀

उरेबपट्टी
आमच्या शिवणकामात कापड तिरकं कापलं की उरेब म्हणतात, गळ्याला उरेब पट्टी लावतात. म्हणून 'उरेब युक्ती' म्हणा की! पण मला एक कळत नाही, यादी करता येत नाही म्हणजे यादी फार लांब होते म्हणून ना? माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्या आहेत, लांबच लांब, पण नेटाने बसलं तर होते यादी.

शेवटचाबाक
ताई, लांबीचा प्रश्नच नाही. १, २, ३, ४… ही यादी कधीच संपत नाही, तरी ती यादी आहे, कारण कुठलाही आकडा बोला, तो कितव्या नंबरवर येणार ते सांगता येतं. यादीचा अर्थ इथे एवढाच: प्रत्येकाला नंबर मिळाला पाहिजे, कोणी सुटता कामा नये. आता ० आणि १ यांच्या न संपणाऱ्या माळा घ्या. कँटरने १८९१ मध्ये अंक न घेता m आणि w अशी दोन अक्षरं घेतली होती, गोष्ट तीच. समजा कोणी छातीठोकपणे म्हणाला की सगळ्या माळांची यादी माझ्याकडे आहे, आणि तिची सुरुवात अशी निघाली:

```
१)  ० १ ० १ ० …
२)  १ १ १ १ १ …
३)  ० ० १ ० ० …
४)  १ ० ० ० १ …
५)  ० १ १ ० १ …
```

पहिल्या ओळीतलं पहिलं घर, दुसरीतलं दुसरं, तिसरीतलं तिसरं असं तिरकं उतरत या, ०, १, १, ०, १ मिळतात. आता ते सगळे उलटे करा: १, ०, ०, १, ०… ही माळ यादीत कुठे असेल? चौथ्या नंबरवर शोधा, पहिली तीन घरं हुबेहूब जुळतात आणि नेमकं चौथ्यात बिनसतं. हजाराव्या नंबरवर शोधलीत तर हजाराव्या घरात बिनसेल, कारण आपण ती तशीच बनवलीय. म्हणजे 'सगळ्या' म्हणून दिलेल्या यादीतून ही सुटलीच.

उरेबपट्टी
बरं मग ती सुटलेली माळ सगळ्यात वर लिहायची, बाकीच्या एकेक घर खाली सरकवायच्या. झाली ना पूर्ण?

शेवटचाबाक
लिहा की, पण आता ओळी सरकल्या, म्हणजे तिरपी रेघ वेगळ्या घरांतून जाणार आणि ती उलटी केली की आणखी एक सुटलेली माळ हातात येणार. मुद्दा एका माळेचा नाहीच, कुठलीही यादी आणा, तिला अशी एक माळ चुकवतेच. म्हणून मला 'समजा यादी आहे, आता विसंगती येते' हा अप्रत्यक्ष सिद्धतेचा थाट इथे विनाकारण वाटतो. दिलेल्या यादीत नसलेली माळ आपण सरळ बनवून हातात देतो, तेवढं पुरतं.

गणिती_गडी
हेच अपूर्णांकांना लावा ना! ० आणि १ मधले सगळे अपूर्णांक दशांशात एकाखाली एक लिहा, तिरके अंक बदला, नवीन संख्या मिळाली, म्हणजे अपूर्णांकांचीही यादी होत नाही. खरं तर १, २, ३ ला पण हेच लागू पडेल, अनंत म्हटलं की सगळं एकच.

शेवटचाबाक
अर्धं बरोबर. संख्या नवीन मिळते, पण ती अपूर्णांकच आहे हे कोणी सांगितलं? अपूर्णांकाचा दशांश एकतर थांबतो नाहीतर त्याच त्या अंकांची आवर्तनं चालू होतात, आणि तिरक्या रेघेतून आलेल्या अंकांवर तसली सक्ती नसते. अपूर्णांकांची यादी तर करता येते: अंश आणि छेदाची बेरीज २ असलेले आधी, मग ३ वाले, मग ४ वाले, एकदा आलेला परत आला तर गाळायचा. त्या यादीवर तिरकी रेघ मारलीत तर एवढंच सिद्ध होतं की नवीन संख्या अपरिमेय आहे. १, २, ३ चंही तसंच, डावीकडे न संपणारे अंक जमले तर ती नैसर्गिक संख्याच उरत नाही. नवीन वस्तू त्याच गोतातली निघाली तरच युक्ती लागू होते, घोडं इथेच पेंड खातं.

खडूफळा
हे भारी झालं, गणिती_गडींचा प्रश्न मी पोरांनाच विचारणार. पण मी माळा न घेता थेट दशांश घेणार होतो, त्यात काही खोट आहे का?

शेवटचाबाक
थोडी आहे. ०.४९९९… आणि ०.५ ही एकच संख्या, दोन तऱ्हेने लिहिलेली. अंक आंधळेपणाने बदललेत आणि उत्तर ०.४९९९… आलं, तर ०.५ यादीत आधीच बसलेली असू शकते! लिहिताना वेगळी, किंमत तीच, युक्ती फसली. उपाय सोपा आहे, तिरक्या घरात ५ असेल तर ६ लिहा, ५ नसेल तर ५ लिहा. उत्तरात नुसते ५ आणि ६ येतात, शेपटीला ० किंवा ९ ची रांग लागतच नाही.

जुनी_दौत
शब्दाकडे परत येऊ या का? आपण 'अगणित तारे' म्हणतो, 'असंख्य चुका' म्हणतो, तिथे अर्थ फक्त पुष्कळ एवढाच असतो, हे दोन्ही शब्द बोलण्यात झिजलेत. कँटरचा जर्मन शब्द आबत्सेलबार, म्हणजे एकेक करत मोजत जाता येण्याजोगा, आणि त्याला 'गणनीय' चालतो. मग ज्याची यादी होत नाही तो 'अगणनीय'. जीभ अडखळते खरी, पण अर्थ सांडत नाही.

पारावरचा
अगणनीय म्हणजे 'गणतीत न धरण्यासारखा', क्षुल्लक, असं नाही का वाटत?

जुनी_दौत
तो नगण्य हो. पण तुम्हाला वाटलं म्हणजे पोरांनाही वाटणार, हे मान्य.

गणिती_गडी
मी 'यादीत न मावणारा' म्हणेन.

शेवटचाबाक
मावणारा म्हटलं की परत जागेचा प्रश्न येतो, ताईंच्या वह्यांसारखा. जागा अनंत आहे, तरी कोणीतरी सुटतं. 'यादी हुकवणारा' बघा. अजून एक, पोरं विचारतीलच म्हणून सांगतो, कँटरने वास्तव संख्यांची यादी होत नाही हे पहिल्यांदा दाखवलं ते १८७४ मध्ये आणि त्यात तिरकी रेघ नव्हतीच, संख्यारेषेचे एकात एक आक्रसत जाणारे तुकडे होते. तेव्हा नाव १८९१ च्या रीतीलाच द्या, निष्कर्षाला नको.

खडूफळा
ठरलं, फळ्यावर 'तिरकी युक्ती' लिहितो आणि यादी न होणाऱ्या संचाला अगणनीय.

जुनी_दौत
तिरकी युक्ती म्हटलं की कोणीतरी टोपी घालतंय असं वाटतं. तिरपी म्हणा.

उरेबपट्टी
तिरपी म्हणजे कशीही कललेली. नेमकी कोपऱ्यातून कोपऱ्यात जाते ती उरेब, मी आधीच सांगितलं होतं.