मुदतवाढीच्या अर्जाला बँकेची पोच जोडा

> "आयकर विभागाची कागदपत्रं मागणारी कलम १४२(१) ची नोटीस आली आहे, पण मूळ खरेदीखत गृहकर्जापोटी बँकेत आहे. मुदत कशी मागू?"

नोटिशीत दिलेली उत्तराची तारीख उलटण्याआधी आयकर पोर्टलवर e-Proceedings मध्ये Seek Adjournment मधून मागा. अर्जात नोटिशीचा डीआयएन हा ओळख क्रमांक, पॅन, कर निर्धारण वर्ष आणि हवी असलेली नेमकी तारीख लिहा. नुसतं "कागद बँकेत आहेत" हे कारण लंगडं पडतं. शाखेला खरेदीखताची प्रत मागणारं पत्र द्या आणि शिक्का मारलेली पोच अर्जाला जोडा. मजकूर असा चालेल: "मूळ दस्त गृहकर्जासाठी तारण आहे. प्रतीसाठी दि. … रोजी अर्ज केला, पोच सोबत आहे. दि. … पर्यंत मुदत मिळावी."

बाकीच्या मुद्द्यांची उत्तरं मात्र रोखू नका. अर्ज केला म्हणजे मुदत मिळाली असं नसतं. मंजुरी पोर्टलवर तपासा. बँक फारच रेंगाळली, तर दुय्यम निबंधक कार्यालयातून नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत काढता येते.