मदत हवी आहे: रोस्टमधला पंच वाक्याच्या शेवटी कसा आणावा?

निवृत्त होणाऱ्या वरिष्ठांसाठी पाच मिनिटांचे रोस्ट लिहिले आहे. मोठ्याने वाचून ‘तुम्हाला माहीतच आहे’, ‘म्हणजे बघा’ अशी भरती मी काढून टाकली, पण एक विनोद अजून अडतो: ‘साहेब मीटिंगला सर्वांत शेवटी येतात आणि उशीर का झाला, असे आम्हालाच विचारतात.’ हशा ‘आम्हालाच’वर यायला हवा, मात्र मागून येणारे ‘विचारतात’ तो दाबून टाकते. ‘साहेब शेवटी येतात आणि विचारतात, उशीर का झाला? आम्हाला!’ असे केल्यावर पंच शेवटी आला, शब्दही घटले, पण बोलताना वाक्य तुटक आणि पाठ केल्यासारखे वाटते. उशिराचा उल्लेख साहेबांना चालणार आहे, त्यामुळे विषय बदलायचा नाही. क्रियापद आधी घेऊनही बोलीचा ओघ टिकेल, अशी रचना कोणी सुचवाल का?