प्रतिसाद: निवेदनात गणिताची उणीव लिहावी

«अभियांत्रिकी पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठीच्या निवेदनात आवडीखेरीज काय लिहू?»

तिसऱ्या सत्राच्या गणिताविषयी लिहावे, कारण पदवीचे पहिले वर्ष न केलेल्या विद्यार्थ्याबद्दल वाचणाऱ्याची खरी शंका तिथेच असते. फोंड्याहून अर्ज करताना मी लिहिले होते की, पदविकेत साधे डिफरन्सिएशन व इंटिग्रेशन झाले असले, तरी आंशिक डिफरन्सिएशन आणि मॅट्रिक्सची आयगेन मूल्ये राहून गेली आहेत आणि ती सुट्टीत पहिल्या वर्षाच्या पुस्तकातून सोडवत आहे. मुलाखतीत मला दोन ओळी, दोन स्तंभांच्या मॅट्रिक्सचेच गणित घातले गेले (सुदैवाने सुटले). मात्र जिथे यादी केवळ पदविकेच्या गुणांवर लागते, तिथे उत्तम निवेदनानेही क्रमांक बदलत नाही.