कॉलवर माझा आवाज दबका जातोय, स्पीकरवर मात्र स्वच्छ. मदत हवी आहे

शाहूपुरी_अडत: मी कोल्हापुरात गुळाच्या अडतीत काम करतो. दिवसभर फोनवरच भाव सांगायचे असतात. हल्ली समोरचे म्हणतात, "तोंडावर हात धरून बोलताय काय?" काल एका व्यापाऱ्याला 'त्रेचाळीसशे'चं 'त्रेपन्नशे' ऐकू गेलं. साध्या कॉलवर आणि व्हॉट्सॲपवरही तसंच, म्हणजे नेटवर्कचा दोष नसावा. कव्हर काढूनही फरक नाही. स्पीकर लावला की आवाज एकदम चांगला जातो, पण सौद्याचं बोलणं चारचौघांत स्पीकरवर कसं करणार? फोन अँड्रॉइड आहे.

पन्हाळकर७: नॉइज कॅन्सलेशन बंद करा, त्यानंच आवाज खातो. माझ्या आयफोन ११ मध्ये Settings > Accessibility > Audio & Visual मध्ये Phone Noise Cancellation होतं. तुमच्यात कॉल सेटिंगमध्ये बघा, काही फोनमध्ये सापडतं.

रंकाळा_वॉक: मलापण समोरच्याचं ऐकू येत नव्हतं. कानाजवळची जाळी ब्रशनं साफ केली, झालं काम.

दुरुस्तीवाला_दादा: रंकाळा, तुमचा दोष ऐकण्याचा होता, यांचा बोलण्याचा आहे.

अडतवाले भाऊ, खाली चार्जिंगच्या शेजारी बारीक भोक असतं, तो मुख्य माईक. वरच्या कडेला बहुतेक फोनना दुसरा असतो. फोन कानाला असताना खालच्या माईकला तुमचा आवाज मोठा आणि वरच्याला बारीक मिळतो. या फरकावरूनच फोन बोलणं आणि गोंगाट वेगळे करतो. खालचं भोक बुजलं की दोन्हीकडे आवाज सारखाच येतो, मग तुमचं बोलणंच गोंगाट समजून कापलं जातं. स्पीकरवर बरेच फोन वरचा माईक वापरतात, म्हणून तिथं स्वच्छ.

खात्री करायची तर साध्या रेकॉर्डरमध्ये बोला आणि ते बोलताना खालचं भोक बोटानं झाका-उघडा. आवाजात फारसा फरक पडला नाही तर भोक आधीच बुजलेलं आहे. कोरड्या मऊ टूथब्रशनं, फोन उलटा धरून झाडा. सुई, सिमची पिन अजिबात नको, आतली जाळी फाटते. फुंकरही नको, कचरा आत बसतो.

शाहूपुरी_अडत: दादा, बरोब्बर! झाकलं-उघडलं तरी सारखंच येत होतं. भोकात गूळ आणि धूळ मिळून काळपट खडा बसला होता. ब्रशनं बराचसा निघाला, आता भाव नीट ऐकू जातात. पन्हाळकरांचं ऐकून ते सेटिंगही आधी बंद केलं होतं. त्यानं आवाज थोडा सुधारला, पण हमालांचा आरडाओरडा सगळा पलीकडं जायचा. आता परत चालू केलंय. संध्याकाळी मात्र 'स', 'श' अजून दबतात असं घरचे म्हणाले.

दुरुस्तीवाला_दादा: जाळीवर चिकट थर राहिला असेल. पाणी, स्पिरिट लावू नका. आठवडाभर बघा, नाही सुधारलं तर जाळी बदलून घ्या. माईकच गेलाय का, ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही.

क्लासवाली_ताई: माझ्या लॅपटॉपवर शिकवताना शब्दांची शेवटची अक्षरं गिळली जातात. तिथंही भोकच का?

दुरुस्तीवाला_दादा: ताई, तिथं आधी विंडोज ११ मध्ये Settings > System > Sound मध्ये तुमचा माईक उघडून Audio enhancements हे Off करा. मीटिंगच्या ॲपमध्येही गोंगाट कमी करण्याचं वेगळं बटण असतं. दोन्ही एकदम चालू असले की असं होतं. एकेक बंद करून रेकॉर्ड करून ऐका.