‘क्रम’ की ‘कोटी’? आणि ‘दर’ नक्की कशाचा?

पारिजात
रासायनिक गतिकीच्या एका सरांच्या हस्तलिखित टिपणांचं मराठी करायचं काम हाती घेतलं आहे. वाचणारी मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली आणि आता बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहेत. एका उदाहरणापाशी अडले. टिपणात तक्ता दिला आहे आणि खाली विचारलं आहे की यावरून रिअ‍ॅक्शनची ऑर्डर आणि रेट कॉन्स्टंट काढा. मी लिहिलं, ‘अभिक्रियेचा क्रम व दर स्थिरांक काढा.’ माझ्या भाचीला वाचायला दिलं, तर तिने ओळी चढत्या क्रमाने लावायला घेतल्या! तिची चूक नाही, ‘क्रम’ म्हटल्यावर कोणीही तेच करेल. मग ‘कोटी’ लिहिलं, तर ती विचारते, “एक कोटी की शाब्दिक कोटी?” शब्द कोणता ठेवू?

तक्ता हा. ३०० अंश सेल्सिअसला NO2 चं विघटन, 2NO2 → 2NO + O2, संहती मोल प्रति लिटरमध्ये.

```
वेळ (से.)    [NO2]
०           ०.०१००
५०          ०.००७८७
१००         ०.००६४९
२००         ०.००४८१
३००         ०.००३८०
```

चौकोन
‘कोटी’च ठेवा, ताई. मी नववीला बीजगणित शिकवतो. ‘बहुपदीची कोटी’ या मुलांनी नववीतच केलेली असते, म्हणजे शब्द त्यांच्या ओळखीचा आहे. शिवाय तो इथे चपखल बसतो. अनेक चलं असलेल्या पदात सगळ्या चलांचे घातांक मिळवले की त्या पदाची कोटी मिळते. दराच्या समीकरणातही संहतींचे घातांक मिळवायचे असतात, क्रियाही तीच आणि शब्दही तोच. एक कोटी रुपयांची आठवण पहिल्या वेळी येईल, दुसऱ्या उदाहरणापर्यंत जाईल.

अथर्व_स्प्रेडशीट
शब्दाचं तुम्ही ठरवा, पण उत्तर मी काढलं. ln[NO2] आणि वेळ यांचा आलेख काढला, सरळ रेषा आली, R² ०.९८. म्हणजे पहिली कोटी, k = ०.००३२ प्रति सेकंद. झालं की.

उसाचं_पोल
मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकवीस वर्षं काढली. हा तक्ता पाहून आमचा रस आठवला. गाळप थांबलं आणि रस टाकीत तसाच गरम राहिला की इन्व्हर्जन सुरू होतं, म्हणजे साखर फुटू लागते, आणि दर तासाला पोल, म्हणजे रसातल्या साखरेचं रीडिंग, घसरतं. ही घसरण शेकड्याने होते. म्हणजे पहिल्या तासात उरलेल्या साखरेचा जेवढा टक्का गेला, तेवढाच टक्का दुसऱ्या तासात जातो. चुना घालून सामू सातच्या आसपास आणला की घसरण मंदावते. आम्ही कधी कोटी म्हटलं नाही, ‘टक्क्याने जातं’ म्हणायचो. सगळ्याच अभिक्रिया अशा टक्क्याने जातात, त्यामुळे अथर्वचं उत्तर मला पटतं. पण ताई, तुमच्या तक्त्यात पोलचं रीडिंग कुठे दिसत नाही?

पारिजात
काका, हा रसाचा तक्ता नाही, वायूचा आहे. पण ‘टक्क्याने जातं’ हे फार आवडलं, ते टिपणात घेऊ का?

गंधक
जरूर घ्या, पण फक्त पहिल्या कोटीसाठी. पोलकाकांचं साखरेबद्दलचं निरीक्षण अचूक आहे. विल्हेल्मी यांनी १८५० साली साखरेचंच इन्व्हर्जन ध्रुवणमापीने मोजलं होतं, आणि घटीचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो हे त्यांनीच दाखवलं. सगळ्या अभिक्रिया मात्र तशा नसतात. काकांच्याच कसोटीवर हा तक्ता घासून पाहा. पहिल्या ५० सेकंदांत ०.०१०० मधून ०.००७८७ उरलं, म्हणजे २१.३ टक्के गेलं. पुढच्या ५० सेकंदांत ०.००७८७ मधून ०.००६४९ उरलं, म्हणजे १७.५ टक्के. वेळ सारखा असून टक्का घसरला. पहिल्या कोटीत असं होत नाही.

अथर्व, तुझी रेषा सरळ दिसली, पण ती सरळ नाही. ०.९८ या आकड्यावर थांबू नकोस, बिंदू रेषेच्या कोणत्या बाजूला पडतात ते बघ. तुझ्या आलेखात ० आणि ३०० सेकंदांचे बिंदू रेषेच्या वर असतील आणि मधले तिन्ही खाली. मोजमापातल्या चुका अशा शिस्तीत पडत नाहीत, त्या कधी वर कधी खाली विखुरतात. टोकं वर आणि मधलं खाली असेल तर मुळात वक्र आहे आणि तू त्यावर पट्टी ठेवली आहेस.

आता 1/[NO2] काढून बघ. १००, १२७.१, १५४.१, २०७.९, २६३.२. पहिल्या ५० सेकंदांत वाढ २७.१, पुढच्या ५० मध्ये २७.०. त्यानंतरच्या शंभर-शंभर सेकंदांत ५३.८ आणि ५५.३. सेकंदामागे वाढ जवळपास सारखीच राहते, म्हणजे दुसरी कोटी. या रेषेचा उतार ०.५४३.

अथर्व_स्प्रेडशीट
पाहिलं. टोकांचे दोन वर, मधले तीन खाली, अगदी तसंच. 1/[NO2] घेतल्यावर R² ०.९९९९ च्या वर गेलं. पण शेवटचा टप्पा ०.५५३ देतो, बाकीचे ०.५४ च्या आसपास. तो बिंदू टाकून द्यावा का?

गंधक
टाकायचा नाही. व्यस्त घेतलं की लहान संहतीतली चूक फुगते. ०.००३८० मोजताना एक टक्का इकडे-तिकडे झालं, तर व्यस्तात सुमारे २.६ चा फरक पडतो आणि त्या शंभर सेकंदांचा उतार ०.०२६ ने हलतो. इथला फरक त्याच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त आहे, त्यामुळे ०.५५३ चं नवल नाही. म्हणून दोन-दोन बिंदूंतून k काढून सरासरी घेण्यापेक्षा सगळ्या बिंदूंतून एक रेषा काढणं बरं.

याहून मोठा धोका थोड्याच वेळाचा तक्ता घेण्यात आहे. समजा तक्ता १०० सेकंदांवरच थांबला आणि संहती तीनच दशांश स्थळांपर्यंत दिली, तर दिसेल ०.०१०, ०.००८, ०.००६. कोणीही शून्य कोटी म्हणेल! २०० सेकंदांना ०.००५ येतं तेव्हा कुठे ते मोडतं. निम्म्याहून अधिक पदार्थ संपेपर्यंत मोजलेलं असेल तर कोटीबद्दल ठामपणे बोलता येतं. या तक्त्यात निम्मं व्हायला सुमारे १८४ सेकंद लागतात, आणि मोजणी ३०० पर्यंत आहे, म्हणून ठीक.

सुलेखा_द
मी ‘घात’ सुचवणार होते, कोटी म्हणजे शेवटी घातच ना? समीकरणात NO2 च्या मागे २ आहे, म्हणून घात २, म्हणून दुसरी कोटी. तक्त्याची गरजही नाही.

चौकोन
सुलेखाताई, ‘घात’ एकेका घटकाचा असतो आणि कोटी त्या सगळ्यांची मिळून होते, म्हणून दोन्ही शब्द लागतील. समीकरणातल्या २ बद्दल मात्र रसायनवाल्यांनीच सांगावं.

गंधक
तो २ आणि हा २ जुळले, हा इथला योगायोग समजा. 2N2O5 → 4NO2 + O2 यातही मागे २ आहे, पण तिथे ln[N2O5] ची रेषा सरळ येते, म्हणजे कोटी पहिली. अ‍ॅसिटाल्डिहाइडच्या विघटनात तर दीड कोटी येते. संतुलित समीकरण फक्त किती कशाचं किती होतं ते सांगतं, वाटेत काय काय घडलं ते सांगत नाही. म्हणून कोटी तक्त्यातूनच काढावी लागते. आणि चौकोनसर, बहुपदीची कोटी पूर्णांकच असते, ही दीडही असू शकते, तेवढं मुलांना सांगावं लागेल.

चौकोन
बरोबर. पहिल्याच पानावर सांगितलेलं बरं, नाहीतर दीड आलं की मुलं आपलंच उत्तर खोडतील.

पारिजात
मग ‘कोटी’ ठरलं. आता ‘दर स्थिरांक’ की ‘वेग स्थिरांक’? दोन्ही वाचायला मिळतात.

सुलेखा_द
‘वेग’. दर म्हटलं की कांद्याचा दर आठवतो.

गंधक
माझं मत ‘दर’ला. ‘वेग’ या मुलांनी भौतिकशास्त्रात दिशेसकट शिकलेला असतो, इथे दिशा नाही. दुसरं असं की मराठीत ‘दर सेकंदाला’, ‘दर लिटरला’ असं आपण रोज बोलतो. अभिक्रियेचा दर म्हणजे दर सेकंदाला दर लिटरमागे किती मोल, हे त्या शब्दातच बसलेलं आहे. कांद्याचा दरही दर किलोमागेच असतो, सुलेखाताई, तेव्हा ती आठवण उपयोगीच पडेल.

मला खटकतो तो ‘स्थिरांक’मधला ‘अंक’. मुलं ०.५४३ लिहून मोकळी होतात, एकक लिहीत नाहीत. पहिल्या कोटीत k चं एकक s⁻¹ आणि दुसऱ्या कोटीत L mol⁻¹ s⁻¹. एकक पाहूनच कोटी कळते, आणि अथर्वचा ०.००३२ हा ०.५४३ शी तुलना करण्याजोगाच नाही हेही कळतं. आणि स्थिर म्हणजे त्या तापमानापुरता स्थिर. ३०० अंश हे उत्तरासोबत लिहिलंच पाहिजे.

उसाचं_पोल
तापमानाचं खरं आहे. रस जितका गरम, तितकं इन्व्हर्जन जोरात. मघाशी ‘सगळ्याच’ म्हणालो ते मागे घेतो. पण एक विचारतो. साखर फुटताना पाणीही लागतं, मग दोन पदार्थ झाले, आणि आमची घट एकाच्याच टक्क्याने कशी?

गंधक
पाणी इतकं भरपूर असतं की त्यातलं गेलेलं जाणवत नाही, म्हणून त्याची संहती k मध्येच मुरते. आम्लाचंही तसंच, त्यामुळेच चुना घातला की तुमचा k बदलतो. याला आपल्याकडे ‘छद्म प्रथम कोटी’ म्हणतात.

पारिजात
एक घोळ उरला. टिपणाच्या मागच्या पानावर याच तक्त्याचं उत्तर ०.२७ दिलंय. सरांची आकडेमोड चुकली की काय?

गंधक
बहुधा नाही. ०.५४३ हा NO2 संपण्याचा दर धरून आलेला k आहे. समीकरणात NO2 च्या मागे २ आहे, म्हणून अभिक्रियेचा दर संपण्याच्या दराच्या निम्मा धरायचा, अशी प्रमाण व्याख्या आहे. ती घेतली की k = ०.२७. तक्ता तोच, रेषा तीच, कोटीही तीच, फक्त ‘दर’ कशाचा यावर उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं. पहिल्या पानांवर सरांनी दराची व्याख्या लिहिताना १/२ लावला आहे का ते बघा.

पारिजात
बघितलं. व्याख्येत १/२ आहे, पण या उदाहरणाच्या रेषेखाली त्यांनी स्वतःच्या हाताने उतार = k = ०.५४ लिहून ठेवलंय. मागच्या पानावर ०.२७.

चौकोन
मग वाक्यातच उत्तर बांधून टाका. ‘NO2 संपण्याचा दर स्थिरांक’ किंवा ‘अभिक्रियेचा दर स्थिरांक’, नुसतं ‘दर स्थिरांक’ नको.

गंधक
माझ्या मते व्याख्येला धरून ०.२७ ठेवावं आणि रेषेखाली ‘उतार = 2k’ करावं. पण टिपणं सरांची आहेत, न विचारता त्यांच्या हातचं बदलू नये.

पारिजात
सोमवारी त्यांना दाखवते. आणि काका, ‘छद्म’ मला जरा नाटकी वाटतं. ‘टक्क्याने जातं’सारखा यालाही तुमच्याकडे काही शब्द आहे का?