उद्दिष्ट कोणते आणि इष्टांक कोणता? ओकेआरच्या तक्त्यात अडले

अनुस्वार: पाच जणांच्या ग्राहकसेवा गटासाठी तिमाही ओकेआरचा, म्हणजे 'ऑब्जेक्टिव्ह' आणि त्याखालच्या 'की रिझल्ट'चा, तक्ता मराठीत करतो आहे. वार्षिक आराखड्यात 'टार्गेट'ला आधीच उद्दिष्ट म्हटलंय: "नूतनीकरणाचे उद्दिष्ट 80 वरून 86 टक्के". 'ऑब्जेक्टिव्ह'लाही उद्दिष्टच म्हटलं, तर रकान्याचं नाव होतं "हे उद्दिष्ट कोणत्या उद्दिष्टासाठी?" सहकारी म्हणते चालतंय, मला ते वाचवत नाही. शिवाय 'की रिझल्ट'ला काय म्हणायचं?

वाङ्मयी: आकड्याला इष्टांक म्हणा. इष्ट असलेला अंक, अर्थ नावातच आहे. उद्दिष्टात 'दिश्' धातू आहे, म्हणजे दिशा दाखवणं. ऑब्जेक्टिव्हलाच ते शोभतं.

पायवाट: धातू काहीही असो, "वसुलीचं उद्दिष्ट गाठलं" असं सगळे म्हणतात आणि त्यात आकडाच असतो. इष्टांक परिपत्रकात बरा दिसतो, बोलताना कुणी वापरत नाही. त्यापेक्षा 'टार्गेट' राहू द्या.

वाङ्मयी: बोलताना वापरत नाही म्हणून लिहितानाही सोडायचा, मग रुळणार कधी?

शिक्षिका: आमच्याकडे 'अध्ययन निष्पत्ती' चांगलाच रुळला आहे. की रिझल्टला 'निष्पत्ती' घ्या. पण आमच्या निष्पत्ती वर्षाच्या असतात, तिमाहीच्या कशा लिहितात?

नीलकंठ: निष्पत्ती आवडला. अनुस्वार, त्या रकान्यात सध्या काय लिहिलंय?

अनुस्वार: उद्दिष्ट: "ग्राहकांना सेवेचा खरा उपयोग होऊ लागावा". खाली: "प्रशिक्षणसत्रे घेणे", "मदतपुस्तिका पूर्ण करणे".

नीलकंठ: ही दोन्ही नुसती कामं आहेत. सगळी सत्रं घेऊनही नूतनीकरण जागचं हलणार नाही, असं होऊ शकतं. निष्पत्ती म्हणजे ग्राहकाच्या बाजूला काय बदललं ते. वर्षाला नूतनीकरणाला येणारे किती, आणि सोडून जाणारे कोण?

अनुस्वार: 400 येतात. त्यातल्या 300 जणांनी सेवा वापरण्यासाठीची सुरुवातीची मांडणी पूर्ण केलेली असते, त्यांतले 90 टक्के राहतात. उरलेल्या 100 पैकी निम्मेच.

नीलकंठ: म्हणजे 270 आणि 50, मिळून 320, तुमचे 80 टक्के. 86 साठी 344 हवेत, 24 जास्त. मांडणी अपुरी असलेला एक ग्राहक पूर्ण झाला की टिकण्याची शक्यता 50 वरून 90 वर जाते, म्हणजे 0.4 ची भर. 24 साठी असे 60 ग्राहक लागतील.

चुकायची जागा पुढे आहे. बहुतेक गट नव्या ग्राहकांची मांडणी सुधारतात. पण वर्षाचा करार असेल तर त्यांचं नूतनीकरण पुढच्या वर्षी येतं, यंदाच्या आराखड्याला त्याचा उपयोग शून्य. म्हणून पुढच्या तिमाहीत ज्यांची मुदत संपते ते घ्या. सारखे विभागलेले असतील तर त्यांत मांडणी अपुरी असलेले 25 निघतील. पहिल्या तिमाहीत मुदत संपणारे हातातून गेलेच समजा, कामाला तीन तिमाहींचेच ग्राहक उरतात. निष्पत्ती अशी लिहा: "पुढच्या तिमाहीत मुदत संपणाऱ्या, मांडणी अपुरी असलेल्या 25 पैकी 20 जणांची मांडणी पूर्ण." तीन वेळा 20 म्हणजे 60. "कोणत्या उद्दिष्टासाठी?" या रकान्याला मी 'आराखड्यातील वाटा' म्हणेन आणि तिथे लिहीन: 8 नूतनीकरणं.

धडाडी: ओकेआर गुगलने काढले, आणि त्यात 70 टक्के झालं की यश मानतात. 20 लिहा, 14 झाले तरी हिरवा.

नीलकंठ: पद्धत इंटेलमध्ये अँडी ग्रोव्हनी 1970 च्या दशकात बसवली. गुंतवणूकदार जॉन डोअर यांनी 1999 मध्ये ती गुगलला नेली. 70 टक्क्यांची मुभा मुद्दाम उंच ठेवलेल्या निष्पत्तीला असते. आराखड्याला बांधलेली असेल तर ती पूर्णच व्हावी लागते. तिन्ही वेळा 14 झाले तर 24 ऐवजी जेमतेम 17 भर पडेल, आणि कळेल वर्षअखेरीला.

पायवाट: पण मुळात जे मन लावून मांडणी पूर्ण करतात, ते तसेही टिकलेच असते. तुम्ही मागे लागून करून घेतलेले 90 टक्क्यांनी टिकतील कशावरून?

नीलकंठ: हा आक्षेप मला मान्य आहे. 0.4 हा अंदाज आहे, बहुधा जास्तच धरलेला. दुसऱ्या तिमाहीच्या अखेरीस पहिल्या 20 पैकी किती टिकले ते पाहा. 18 च्या आसपास असतील तर अंदाज टिकला. 12-13 वर आले तर 60 पुरणार नाहीत. तेव्हा आराखडाकर्त्यांना सांगून दुसरा मार्ग शोधा, तक्त्यातला आकडा गुपचूप बदलू नका.

वाङ्मयी: 'आराखड्यातील वाटा' मोघम आहे. 'इष्टांशी दुवा' म्हणा.

पायवाट: इष्टांशी? ते मित्रमंडळींशी दुवा वाटेल. इष्टांकाशी हवं, पण मग इष्टांक आधी मान्य करावा लागेल.

शिक्षिका: आणि तिमाही निष्पत्ती की त्रैमासिक निष्पत्ती?

अनुस्वार: निष्पत्ती घेतला, 25 जणांची यादी काढायला घेतली आहे. वरच्या उद्दिष्टाचं अजून ठरत नाहीये. सहकारी आता 'ध्येय' म्हणतेय.

वाङ्मयी: ध्येय आयुष्याचं असतं हो, तीन महिन्यांचं नव्हे.