झेब्र्याचे पट्टे: माशीवाली थिअरी हास्यास्पद आहे का?

रानवेडा: झेब्र्याचे पट्टे गवतात लपायला असतात, शाळेत शिकलोय. आता म्हणे माश्या हाकलायला! सिंह सोडून माशीला कोण घाबरतं?

कीटकमामा: शाळा सोडून किती वर्षं झाली? 2016 मध्ये सिंहाच्या नजरेचा हिशेब मांडला गेला. दिवसाउजेडीसुद्धा साधारण पन्नास मीटरपलीकडे त्याला पट्टे दिसत नाहीत, तोवर वास आणि आवाज पोचलेला असतो. माश्यांचं मात्र प्रत्यक्ष करून पाहिलंय. 2019 मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेटमध्ये टिम कॅरोंच्या चमूने घोड्यांवर आळीपाळीने काळी, पांढरी आणि पट्ट्यांची झूल घातली. पट्टेवाल्या झुलीवर गोमाश्या फार कमी बसल्या, पण उघड्या डोक्यावर पूर्वीइतक्याच. म्हणजे घोडा तोच, वास तोच, फरक झुलीचा. झेब्र्याच्या व्हिडिओत माशी जवळ येते, पण वेग कमी करत नाही. सरळ आपटते किंवा पुढे निघून जाते.

सावली: पट्टे गारव्यासाठी असतात. काळा तापतो, पांढरा नाही, त्यातून वारा खेळतो. साधी गोष्ट आहे.

कीटकमामा: साधी वाटते. 2018 मध्ये हंगेरीत पाण्याच्या पिंपांवर कातडी चढवून उन्हात ठेवली. पट्टेवाल्यातलं पाणी काही वेगळं गार झालं नाही.

सावली: पिंपाला घाम येतो का हो? जिवंत जनावर आणि पिंप एकच झालं?

कीटकमामा: बरं, घामाचा मुद्दा राहिला. घ्या.

गोठ्यातली ताई: आमच्या चार गाईंचं बोला. पावसाळ्यात माश्यांनी शेपटी थांबत नाही, दुधाच्या बादलीत लाथ. औषधवाल्याने दिलेली फवारणी दोन दिवस टिकते. चुना लावू का?

कीटकमामा: जपानमध्ये सहा काळ्या गाईंवर हेच केलं. एकदा पांढरे पट्टे, एकदा काळ्याच रंगाचे पट्टे, एकदा काहीच नाही. काळे पट्टे मुद्दाम, रंगाचा वास माशीला हाकलतो का हे कळावं म्हणून. पांढऱ्या पट्ट्यांवर माश्या जवळपास निम्म्या, काळ्यांवर तसा फरक नाही. चुना मात्र कातडीला भाजेल.

रानवेडा: सहा गाई! सहा गाईंवरून शास्त्र!

गोठ्यातली ताई: तुमच्याकडे एक तरी आहे का?

रानवेडा: वैयक्तिक बोलू नका. आणि पांढऱ्या गाईंना काय, काळे पट्टे ओढायचे?

गोठ्यातली ताई: माझ्या तर पांढऱ्याच आहेत. मामा?

कीटकमामा: तसं कुणी तपासल्याचं माझ्या पाहण्यात नाही. आणि माशी नेमकी का चुकते हेही पक्कं नाही. पट्ट्यांमुळे गतीचा भास होतो म्हणत होते, पण 2020 मध्ये चौकड्यांच्या झुलीवरही माश्या तितक्याच कमी बसल्या. चौकड्यांत तो भास होत नाही.

रानवेडा: म्हणजे तुम्हालाही माहीत नाही. मग एवढा आव कशाला?

कीटकमामा: बसत नाही हे माहीत आहे, का बसत नाही ते नाही. तुम्ही दोन्ही एकच समजताय.

गोठ्यातली ताई: चौकड्याची जुनी चादर आहे घरात. उद्या लंगडीवर टाकून बघते.